तेल बदलले, वजन मात्र तेच

गेल्या पावसाळ्यात घोडबंदर रोडवरच्या कासारवडवली भागात राहणाऱ्या एक बाई ओपीडीत आल्या. वय ४६, वजन ७८ किलो, कंबर ९६ सेंटिमीटर. सोनोग्राफीत यकृतावर चरबी दिसली होती आणि साखर सीमारेषेवर होती. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) मी आहाराबद्दल विचारायच्या आतच त्या म्हणाल्या, ‘‘डॉक्टर, तेलाचं विचाराल तर ते आम्ही केव्हाच बदललंय.’’ आधी घरी सूर्यफुलाचे तेल होते. कोणीतरी सांगितले म्हणून राईस ब्रॅन सुरू झाले. मग सोसायटीतल्या एका प्रदर्शनातून लाकडी घाण्याचे शेंगदाणा तेल आले. शेजारी बिहारचे कुटुंब राहते, तिथल्या वहिनी सडपातळ, म्हणून मध्ये दोन महिने मोहरीच्या तेलाचाही प्रयोग झाला. दीड वर्षात चार तेले झाली आणि वजन अर्धा किलो वाढले.

‘‘महिन्याला किती तेल लागतं?’’ मी विचारले. त्यांनी नवऱ्याकडे पाहिले, नवऱ्याने त्यांच्याकडे. कोणते तेल, कोणत्या कंपनीचे, कितीला मिळते, हे सगळे दोघांना तोंडपाठ होते. किती लागते, ते मात्र कोणी मोजले नव्हते. बऱ्याच आठवाआठवीनंतर उत्तर आले, ‘‘पाच लिटरचा कॅन महिनाभर पुरतो. सणाला थोडं जास्त.’’

चार तेलांची तुलना करायची तर सुरुवात या कॅनपासून करावी लागेल.

ग्रॅमला नऊ कॅलरी

शेंगदाणा, मोहरी, सूर्यफूल किंवा भाताच्या कोंड्याचे तेल घ्या. स्वयंपाकाचे कोणतेही तेल हे जवळजवळ शंभर टक्के स्निग्ध पदार्थ असते. एक ग्रॅम स्निग्ध पदार्थातून सुमारे ९ कॅलरी मिळतात. त्यामुळे चहाचा एक सपाट चमचा, म्हणजे ५ मिली किंवा साडेचार ग्रॅम तेल, चाळीसएक कॅलरी देतो. बाटलीवर ‘लाइट’ लिहिलेले असो की ‘हार्ट’, या आकड्यात फरक पडत नाही. ‘लाइट’ हा शब्द रंगाबद्दल किंवा पातळपणाबद्दल असतो. ‘कोलेस्टेरॉल फ्री’ तर सगळीच वनस्पती तेले असतात, कारण कोलेस्टेरॉल फक्त प्राणिज पदार्थांत असते.

आता पाच लिटरचा हिशेब करू. एक लिटर तेलाचे वजन सुमारे ९१० ग्रॅम असते, म्हणजे पाच लिटर झाले ४,५५० ग्रॅम. तीस दिवसांनी भागले तर दिवसाला साधारण १५२ ग्रॅम. घरात चार माणसे, म्हणजे माणशी ३८ ग्रॅम. त्याच्या कॅलरी होतात ३४० च्या आसपास, म्हणजे मोठ्या चार पोळ्यांइतक्या. यात साजूक तूप, लोणी आणि बाहेरचे खाणे धरलेले नाही.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये भारतीयांसाठी आहाराची सुधारित मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. त्यात २,००० कॅलरींच्या दिवसभराच्या आहारात तेल-तूप मिळून २७ ग्रॅम धरले आहे. महिन्याला माणशी हे जेमतेम ९०० मिली होते. म्हणजे चार माणसांच्या घराला साडेतीन लिटर, आणि त्यातच तूपही आले. या घरात दीड लिटर तेल जास्त जात होते, आणि चारही तेलांच्या काळात ते तेवढेच जात होते.

मग चार तेलांत फरक कशाचा?

फरक आहे, पण तो कॅलरीत नाही. स्निग्ध पदार्थ ज्या आम्लांचे बनलेले असतात त्यांचे तीन गट पडतात: संपृक्त, एकअसंपृक्त आणि बहुअसंपृक्त. प्रत्येक तेलात हे तिन्ही असतात, प्रमाण वेगळे असते.

शेंगदाणा तेलात सुमारे निम्मा भाग एकअसंपृक्त, तिसरा हिस्सा बहुअसंपृक्त आणि पाचवा हिस्सा संपृक्त असतो. हे मध्यम स्वभावाचे तेल आहे. फोडणी, परतणे, तळणे सगळ्याला चालते. घाण्याचे घेत असाल तर एक काळजी घ्या. ओलसर, बुरशी लागलेल्या शेंगदाण्यात अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार होते आणि ते यकृताला घातक असते. रिफाइंड करताना ते निघून जाते, घाण्याच्या तेलात मात्र राहू शकते. म्हणून घाणेवाला कोणते दाणे वापरतो ते पाहावे. कुबट वासाचे तेल स्वस्त मिळाले तरी घेऊ नये.

मोहरीच्या तेलात संपृक्त भाग चारही तेलांत सर्वात कमी असतो, दहा टक्क्यांच्या आत. त्यात ओमेगा-३ गटातले आम्लही आठ-दहा टक्के असते. शेंगदाणा आणि सूर्यफूल तेलात ते जवळजवळ नसते. मोहरीवर आक्षेप आहे तो एरुसिक आम्लाचा. उंदरांना हे आम्ल भरपूर खाऊ घातल्यावर त्यांच्या हृदयाच्या स्नायूत चरबी साठलेली दिसली. त्यामुळे युरोपात खाद्यतेलातल्या एरुसिक आम्लावर कडक मर्यादा आहे, आणि अमेरिकेत मोहरीच्या तेलाच्या बाटलीवर ‘फक्त बाहेरून लावण्यासाठी’ असे छापावे लागते. माणसांत मात्र असे नुकसान सिद्ध झालेले नाही. उलट दिल्ली आणि बंगळूरच्या रुग्णालयांत झालेल्या व २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मोहरीचे तेल वापरणाऱ्यांत हृदयविकाराचे प्रमाण कमी आढळले होते. तो निरीक्षणात्मक अभ्यास होता, त्यामुळे त्यावरून तेलाला औषध ठरवता येत नाही. पण शेजारच्या वहिनींनी पिढ्यान्‌पिढ्यांचे तेल सोडावे, असेही त्यातून निघत नाही.

सूर्यफूल तेलात साठ टक्क्यांच्या आसपास बहुअसंपृक्त आम्ले असतात, बहुतेक ओमेगा-६ गटातली. संपृक्त स्निग्धाच्या जागी हे तेल वापरले तर रक्तातले वाईट कोलेस्टेरॉल कमी होते. पण बहुअसंपृक्त आम्ले हवा, उजेड आणि उष्णता यांनी लवकर बिघडतात. त्यामुळे हे तेल रोजच्या भाजी-आमटीला चांगले, पण पुन्हा पुन्हा तापवून तळायला योग्य नाही. बरणी गॅसशेजारी, खिडकीच्या उन्हात ठेवू नये.

राईस ब्रॅन म्हणजे भाताच्या कोंड्याचे तेल. तूस काढल्यावर तांदळाला पॉलिश करताना जो तपकिरी कोंडा निघतो आणि जो आपल्याकडे गुराढोरांना घालत, त्यात पंधरा-वीस टक्के तेल असते. कोंडा निघाल्याबरोबर त्यातले एक विकर तेल फोडू लागते, म्हणून कोंडा लगेच तापवून स्थिर करावा लागतो. मग कारखान्यात द्रावकाने तेल काढून ते रिफाइंड करतात. शेंगदाण्यासारखे ते घाण्यावर गाळून विकण्याजोगे नसते. तेव्हा ‘कोल्ड प्रेस्ड राईस ब्रॅन’ अशी पाटी दिसली तर प्रश्न विचारा. त्यातल्या आम्लांचे प्रमाण शेंगदाणा तेलाच्या जवळपासच असते. वेगळेपण आहे ते ओरायझेनॉल या घटकाचे. तो साधारण एक टक्का असतो आणि कोलेस्टेरॉल थोडे उतरवायला त्याची मदत होते. थोडे म्हणजे थोडेच, गोळी बंद करण्याइतके नाही.

थोडक्यात, कोलेस्टेरॉल आणि हृदय यांच्या दृष्टीने ही चारही तेले चांगल्याच बाजूची आहेत. त्यांतली दोन आलटून-पालटून किंवा वेगवेगळ्या पदार्थांना वापरली तर एकाची उणीव दुसरे भरून काढते. आमच्यासारख्यांच्या घरी फोडणीला शेंगदाणा आणि एखाद्या भाजीला वा माशाला मोहरी, असे सहज जमते.

चरबी कुठे साठते, हा वेगळा प्रश्न

तरीही वाचक विचारतील, तेलाच्या प्रकाराचा चरबीशी काहीच संबंध नाही का? याचे एक चांगले उत्तर स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठातल्या प्रयोगातून मिळाले. तो २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. बारीक बांध्याच्या ३९ तरुणांना नेहमीच्या जेवणाशिवाय सात आठवडे रोज मफिन म्हणजे छोटे केक खायला दिले. निम्म्यांचे केक पाम तेलाचे होते, निम्म्यांचे सूर्यफुलाचे. बाकी साहित्य तेच.

दोन्ही गटांचे वजन सारखेच वाढले, सुमारे १.६ किलो. म्हणजे जास्तीचे खाणे कोणत्याही तेलातले असले तरी काट्यावर दिसलेच. पण एमआरआयमध्ये पाहिले तेव्हा पाम तेलाच्या गटात यकृतातली आणि पोटाच्या पोकळीतली चरबी स्पष्टपणे जास्त वाढली होती. सूर्यफुलाच्या गटात वाढलेल्या वजनात स्नायूंचा वाटा जास्त होता.

हा अभ्यास लहान होता. त्यात वजन वाढवले होते, उतरवले नव्हते, आणि तुलना पाम विरुद्ध सूर्यफूल अशी होती. शेंगदाणा विरुद्ध राईस ब्रॅन अशी नव्हती. म्हणून त्यावरून ‘सूर्यफुलाने वजन उतरते’ असा अर्थ काढणे चूक आहे. त्यातून एवढेच कळते की वजन किती वाढणार हे कॅलरी ठरवतात, आणि त्यातली किती चरबी यकृतावर जाणार यात संपृक्त स्निग्धाचा हात असतो.

इथे मला त्या बाईंच्या घरातले पाचवे तेल आठवले, जे त्यांच्या यादीत नव्हतेच. नवऱ्याची नोकरी अंधेरीला. संध्याकाळी गायमुखच्या बाजूने येताना वाहतूक तासभर तुंबलेली, भूक लागलेली, म्हणून मध्येच वडापाव किंवा समोसा. मुलगा क्लासहून येताना चायनीज भेळ आणायचा. घरी चहाबरोबर फरसाण, टोस्ट, क्रीमची बिस्किटे. अशा पाकिटांवर बारीक अक्षरांत पाहिले तर बहुतेक ठिकाणी ‘पाम तेल’ किंवा ‘पामोलिन’ लिहिलेले सापडते. भारत निम्म्याहून जास्त खाद्यतेल आयात करतो आणि त्यात सर्वात मोठा वाटा पामचा आहे. आपण घरी ते विकत आणत नसलो, तरी खाण्यात ते येतेच. पाम तेलात जवळपास निम्मा भाग संपृक्त असतो. म्हणजे घरात चार चांगल्या तेलांवर चर्चा चाललेली असताना यकृताला जे तेल खरोखर जड जात होते, ते पाकिटातून येत होते.

गाडीवरच्या तळणीचा आणखी एक प्रश्न असतो, तो पुन्हा पुन्हा तापवलेल्या तेलाचा. तळताना तेलात ‘पोलर संयुगे’ तयार होतात. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या नियमानुसार ती २५ टक्क्यांवर गेली की ते तेल अन्नासाठी वापरता येत नाही. गाडीवर उभे राहून आपल्याला हे मोजता येणार नाही, पण डोळ्यांना आणि नाकाला बरेच कळते. तेल गडद आणि दाट झालेले असते, वडा सोडल्यावर बारीक फेस येतो आणि तो लवकर विरत नाही. नेहमीच्या आचेवरही धूर येतो, वास घशात अडकतो. यातले काही दिसले की पुढे निघावे. घरातही हाच नियम. तळून उरलेले तेल गाळून दोन-तीन दिवसांत फोडणीला संपवावे, पुन्हा तळणीला घेऊ नये, आणि त्यात नवीन तेल मिसळून ते ‘ताजे’ करू नये.

‘चांगले’ तेल जास्त का पडते?

ओपीडीत वर्षानुवर्षे ऐकून माझे एक निरीक्षण झाले आहे. तेल महाग आणि आरोग्यदायी म्हणून आणले की हात सैल होतो. ‘घाण्याचं आहे, काही होत नाही’ असे म्हणत पळी थोडी जास्त भरते. याची दुसरी बाजूही आहे. शेंगदाण्याच्या किंवा मोहरीच्या कच्च्या तेलाला स्वतःचा वास आणि चव असते. काही घरांत ते कमी घातले तरी भाजी लागते चवदार, आणि तेलाचा खर्च आपोआप उतरतो. बिनवासाच्या रिफाइंड तेलात कमी-जास्त जिभेला कळत नाही. म्हणजे तेलाच्या निवडीने चरबी घटत असेल तर ती अशी, पळीतून. तुमच्या घरात यातले काय घडते, ते मोजल्याशिवाय कळणार नाही.

त्या बाईंना मी तेल बदलायला सांगितले नाही. त्या वेळी घरात होते तेच शेंगदाण्याचे ठेवले. पहिल्या तारखेला साडेतीन लिटर तेल वेगळे काढायचे आणि महिनाभर तेवढ्यातच भागवायचे, एवढेच सांगितले. तूप आणले तर तेवढे तेल कमी. बरणीतली मोठी पळी काढून तिथे चहाचा चमचा ठेवायचा, कारण पळीने अंदाज चुकतो. तळण असेल त्या दिवशी कढईसकट तेल तळायच्या आधी आणि नंतर स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलायचे. जेवढे कमी भरले, तेवढे पुऱ्यांबरोबर पोटात गेले.

हे तोलणे त्यांना सर्वात उपयोगी पडले. एका रविवारी चौघांच्या पुऱ्या आणि बटाटाभजी झाल्यावर कढई २१० ग्रॅमने हलकी झाली होती. माणशी पन्नासहून जास्त ग्रॅम, म्हणजे दोन दिवसांचा वाटा एका जेवणात. ‘‘डॉक्टर, ते दिसलं आणि मग तळण आपोआपच महिन्यातून एकदावर आलं,’’ असे त्या पुढच्या वेळी म्हणाल्या.

आता अपेक्षा किती ठेवावी? पाच लिटरवरून साडेतीनवर आल्यावर माणशी रोज सुमारे ११ ग्रॅम तेल, म्हणजे शंभरएक कॅलरी वाचतात. एक किलो चरबीत साधारण ७,७०० कॅलरी असतात. कागदावर हिशेब महिन्याला ४०० ग्रॅमचा होतो. प्रत्यक्षात तो त्याहून कमी भरतो, कारण वजन उतरू लागले की शरीर कॅलरीही कमी जाळते. शिवाय वाचलेल्या तेलाची जागा जास्तीच्या पोळीने किंवा गोडाने घेतली, तर काहीच उरत नाही. तेलाने एकट्याने पोट आत जात नाही. पण दिवसाला शंभर कॅलरी न उपाशी राहता कमी करण्याची ही सोपी जागा आहे.

पाच महिन्यांनी त्यांचे वजन ७५.५ किलो आणि कंबर ९२ सेंटिमीटर भरली. यात संध्याकाळचे फरसाण बंद केल्याचा आणि रोजच्या अर्ध्या तासाच्या चालण्याचाही वाटा आहे. कशाचा किती, हे मी सांगू शकणार नाही. नवऱ्याने गाडीवरचा वडापाव सोडून पिशवीत फुटाणे ठेवायला सुरुवात केली होती.

दुसरे टोकही नको

काही जण हे वाचून तेल पूर्ण बंद करतील. तसे करू नये. काही स्निग्ध आम्ले शरीराला तयार करता येत नाहीत, ती अन्नातूनच घ्यावी लागतात. अ, ड, ई आणि के ही जीवनसत्त्वे शोषली जाण्यासाठीही स्निग्ध पदार्थ लागतात. वजन उतरवायचे असलेल्या, बैठे काम करणाऱ्या मोठ्या माणसाला मी दिवसाला सुमारे २० ग्रॅम, म्हणजे चहाचे चार-साडेचार चमचे तेल सांगतो. घरातल्या लहान मुलांना आणि गरोदर बाईला हा आकडा लावू नये. ज्यांना पित्ताशयाचा किंवा स्वादुपिंडाचा आजार आहे, त्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारून ठरवावे. शेंगदाण्याची ॲलर्जी असणाऱ्यांनी घाण्याच्या शेंगदाणा तेलापासून लांबच राहावे.

खरेदी करताना पिशवीवरचे वजन ग्रॅममध्ये वाचा. हल्ली सारख्याच दिसणाऱ्या पिशव्यांत ९१० ऐवजी कमी ग्रॅम तेल असते, त्यामुळे ‘चार पिशव्या लागल्या’ हा हिशेब फसवा ठरतो. ‘ब्लेंडेड’ लिहिले असेल तर कोणती दोन तेले किती टक्के आहेत, ते पाहा. नाव मोठ्या अक्षरांत महागड्या तेलाचे असते आणि त्याचा वाटा कधी कधी वीस टक्केच असतो.

आणि या महिन्याच्या किराण्याच्या यादीत तेलापुढे प्रकार लिहाल, तेव्हा शेजारी घरातल्या माणसांची संख्या लिहा. तिला ९०० मिलीने गुणा. येणारे उत्तर आणि तुम्ही आणता ते तेल यांत जेवढे अंतर असेल, तेवढेच काम आहे.